काळ्याभोर केसांवर बरगंडी, कॉपर, चेस्टनट: ब्लीच न करता नेमकं किती दिसतं

माझं पार्लर दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आहे. दोन खुर्च्या, एक आरसा आणि अंगणात उघडणारं दार. त्या दाराचा उल्लेख मुद्दाम करते आहे, कारण केसांचा रंग दाखवायला मला आरशापेक्षा दाराचाच जास्त उपयोग होतो. रंग लावून घेतलेली बाई ट्यूबलाइटखाली आरशात बघते आणि तिचा चेहरा पडतो. तीच बाई दारात उभी राहिली की जरा हसते, आणि अंगणातल्या उन्हात गेली की फोन काढते.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी भाची चुलत बहिणीच्या लग्नासाठी आली. कमरेपर्यंत दाट केस, त्यांना आजवर काहीच लावलेलं नाही. फोनमध्ये एक फोटो होता, घासलेल्या तांब्याच्या गडूसारखे लखलखीत केस. म्हणाली, "मामी, मले असाच पायजे, पण ब्लीच नको. आई घरात घेणार नाही." तिच्या केसांवर आम्ही काय केलं ते सगळं इथे सांगते, कारण पार्लरमध्ये येणाऱ्या दहापैकी आठजणींचा प्रश्न तोच असतो.

रंग का दिसत नाही

काळी घोंगडी कुंकवाच्या पाण्यात बुडवली तर ती लाल होते का? कुंकू घोंगडीत शिरतं, पण दिसत नाही. केसांचा रंग असाच पारदर्शक असतो. तो खालच्या काळ्यावर चढून बसत नाही, खालचा काळा थोडा कमी झाला तरच दिसतो. म्हणून कायम टिकणाऱ्या रंगाच्या पेटीत दोन गोष्टी येतात. ट्यूबमध्ये रंग असतो आणि बाटलीत डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. ट्यूबमधल्या अमोनियामुळे किंवा त्याच्या जागी घातलेल्या द्रव्यामुळे केस फुगतो. मग पेरॉक्साइड आतलं नैसर्गिक काळं रंगद्रव्य थोडं फिकं करतं आणि त्याच वेळी नवा रंग आत तयार होऊन बसतो.

"ब्लीच नको" म्हणणाऱ्यांना मी हे आधीच सांगते. आपण ब्लीचची पावडर वापरत नाही, पण केस थोडा फिका करतोच. नुकसान कमी होतं, शून्य होत नाही. केस अजिबात फिका करायचा नसेल तर काळ्यावर जे दिसेल ते फक्त उन्हातली झाक असेल.

पार्लरच्या भाषेत केसाच्या गडदपणाला १ ते १० आकडे असतात. १ म्हणजे कुळकुळीत काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये बसतात. भाचीचे २ होते. आता आपल्या तीन रंगांची घरं बघा. बरगंडी म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडाचा गर्द रंग, तो ३-४ वरच उठून दिसतो. चेस्टनट म्हणजे आपला चिंचोका. तो ४-५ वर खरा दिसतो. आणि कॉपर, तो गडूचा रंग, त्याला निदान ६-७ लागतात.

२० व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, केस एक-दोन पायऱ्या उजळवतो. ३० व्हॉल्यूमचा, ९ टक्क्यांचा, दोन-तीन पायऱ्या. दोनवरून निघालेली गाडी चारपर्यंत, फार तर पाचपर्यंत जाते. म्हणजे बरगंडीच्या घरात ती आरामात पोचते, चेस्टनटच्या उंबरठ्याला शिवते आणि कॉपरच्या फाटकाबाहेरच थांबते. ४० व्हॉल्यूमने अजून पुढे जाता येतं, पण मी तो टाळूजवळ लावत नाही आणि घरी तर कोणीच लावू नये.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. काळा केस उजळायला लागला की आधी लालसर तपकिरी होतो, मग लाल, मग नारिंगी. ब्लीच करणाऱ्या बायका या लालीला कंटाळतात, आपल्याला मात्र तीच हवी असते. बरगंडीला केसातून निघणारी लाली साथ देते, म्हणून तो कमी उजळूनही दिसतो. चेस्टनटचं उलटं होतं. तो मुळात तपकिरी, मवाळ रंग. काळ्याशेजारी बसला की काळाच वाटतो.

आधी केसांचा इतिहास विचारा

ट्यूब विकत घेण्याआधी एक केस ओढून उन्हासमोर धरा. ज्याला कधी काही लावलं नाही त्या केसाच्या कडेला तपकिरी-लाल झाक दिसते, टोकाकडे जास्त, विशेषतः शेतात उन्हातान्हात काम करणाऱ्या बाईच्या. काळी मेहंदी किंवा काळा डाय लावलेला केस उन्हातही सपाट काळा राहतो, कधी निळसर चमकतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नवा रंग जुना रंग उजळवत नाही. पेरॉक्साइड नैसर्गिक काळं काढतं, डायचं काळं या पद्धतीने निघत नाही. अशा केसांवर बरगंडी लावली की मुळाशी, जिथे नवे केस आले आहेत, तिथे दोन बोटं लाल पट्टा उमटतो आणि खाली सगळं जसंच्या तसं काळं. लांबून बघणाऱ्याला वाटतं डोक्याला काही लागलंय. दर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर केस वाढतो, त्यामुळे खांद्यापर्यंतच्या केसांतला काळा डाय वाढून कापला जायला दोन-तीन वर्षं जातात. त्या बाईला मी सरळ नाही म्हणते.

दुसरी भीती आहे सुट्या, नाव-गाव नसलेल्या मेहंदी पावडरींची आणि "केस हळूहळू काळे करणाऱ्या" पाण्यांची. त्यांत धातूचे क्षार असू शकतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतो, वास येतो, कधी तुटतो. म्हणून बटेवर चाचणी केल्याशिवाय डोक्याला हात लावायचा नाही. बट हाताला गरम लागली की ताबडतोब धुवायची आणि विषय तिथेच संपवायचा.

त्वचेची चाचणी वेगळी, तीही करायचीच. बहुतेक कायम रंगांत पीपीडी नावाचं, काहींच्या अंगावर उठणारं द्रव्य किंवा त्याच्या नात्यातलं दुसरं असतं, काळ्या मेहंदीतही असतं. कानामागे चण्याएवढा ठिपका पत्रकात सांगितल्याप्रमाणे लावून ४८ तास बघा. खाज, लाली, फोड आले तर तो रंग आयुष्यभर बाद. पूर्वी कधी काळ्या मेहंदीने डोळे सुजले असतील तर चाचणीही करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. मागच्या वेळी काही झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही, असंही नसतं.

तीन बटा, तीन जागा

भाचीला मी ट्यूबवरचे आकडे वाचायला शिकवले. टिंबाआधीचा आकडा गडदपणाचा, नंतरचा छटेचा. बऱ्याच कंपन्यांत .४ म्हणजे कॉपर, .५ म्हणजे महोगनी, .६ म्हणजे लाल आणि .२ म्हणजे जांभळट. काही कंपन्या आकडे वेगळे वापरतात, म्हणून दुकानातला केसांच्या नमुन्यांचा तक्ता बघूनच घ्या. पेटीवरच्या बाईचा फोटो मात्र बघूच नका. तो केस आपल्या केसापेक्षा बराच उजळ असताना रंगवलेला असतो.

मानेमागून, वेणीत लपतील अशा पेन्सिलएवढ्या जाड तीन बटा घेतल्या. प्रत्येकीच्या मुळाशी वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, नाहीतर धुतल्यावर कोणती कोणती ते कळत नाही. पहिलीला बरगंडी ४.६२ आणि २० व्हॉल्यूम. दुसरीला कॉपर ६.४ आणि ३० व्हॉल्यूम. तिसरीला चेस्टनटसारखा ५.३५ आणि २० व्हॉल्यूम. प्रत्येकीसाठी ५ ग्रॅम क्रीम आणि ५ मिलिलिटर डेव्हलपर, कारण या ट्यूबांवर एकास एक प्रमाण लिहिलं होतं. तुमच्या ट्यूबवर एकास दीड असेल तर तसं घ्या. ५ मिलिलिटर मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण उत्तम, त्यावर खुणा असतात. नंतर ते टोपण फेकून द्यायचं, औषधाच्या बाटलीवर परत लावायचं नाही. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या. स्टील, पितळ, लोखंड नको.

दुधाच्या पिशव्या धुऊन, उभ्या कापून, त्यांच्या पट्ट्यांत बटा गुंडाळल्या. ४० मिनिटं ठेवल्या. धुतल्या, आणि पूर्ण वाळू दिल्या. हे विसरू नका. ओला केस नेहमी एक-दोन पायऱ्या गडद दिसतो, ओल्या बटेवरून ठरवाल तर फसाल.

मग बघायच्या तीन जागा. पहिली घरात ट्यूबलाइटखाली. भाची म्हणाली, "मामी, हे तं तिन्ही काळेच दिसून राहिले!" खरंच होतं. बरगंडीला किंचित ऊब जाणवत होती, तीही शेजारी न रंगवलेली बट धरल्यावर. दुसरी जागा दाराची, म्हणजे उजेड आहे पण ऊन अंगावर नाही. तिथे बरगंडीच्या कडा वाइनसारख्या दिसल्या, कॉपर गडद तपकिरी, चेस्टनट अजूनही काळा. तिसरी जागा अंगणात, सकाळी नऊचं ऊन. बरगंडी पेटली. दहा पावलांवरून सासूबाईंना दिसली, आणि त्यांचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे. कॉपर विटकरी तपकिरी, भट्टीतून जरा जास्त भाजून निघालेल्या विटेसारखा. गडूची चमक कुठेच नाही. चेस्टनट उन्हात कॉफीसारखा दिसला, पण न रंगवलेल्या बटेशेजारी धरला तरच.

कॉपरचा फोटो बघून आलेली पोरगी तो विटकरी रंग बघून गप्प झाली. तिला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ब्लीचशिवाय लखलखीत कॉपर दोन नंबरच्या केसावर होत नाही. कोणी पार्लरवाली होतो म्हणाली तर एकतर ती ब्लीच लावणार आहे, नाहीतर तुम्ही तोच विटकरी घरी घेऊन जाणार आहात. काही कंपन्या गडद केसांसाठी खास तीव्र लाल आणि कॉपर ट्यूब काढतात, त्या ३० किंवा ४० व्हॉल्यूमने केस जास्त उजळवतात. त्यांनी लाल चांगला येतो, कॉपर लालसर येतो, पण फोटोतला तो गडू नाही.

चेस्टनट वाईट नाही. शाळेत शिकवणारी, ग्रामपंचायतीत बसणारी बाई, जिला "काही केलंय" असं कोणाला कळू नये पण स्वतःला कळावं, तिच्यासाठी तोच योग्य. पैसे देऊन न दिसणारा रंग का लावायचा, असं मात्र मला नेहमी वाटतं.

भाचीसाठी चौथी बट केली. ५.६२, म्हणजे एक पायरी उजळ बरगंडी, ३० व्हॉल्यूमने. ही दारातल्या उजेडातही ओळखू आली. ठरलं. स्वतःच्या केसापेक्षा दोन-तीन आकडे वरची ट्यूब घ्यायची ती याच कारणाने. त्याहून वरची घेतली तर छटा भरत नाही, नुसती गरम विटकरी लाली उरते.

कुठे लावायचा

सगळं डोकं रंगवायचा मोह टाळा. कमरेपर्यंतच्या केसांना चार-पाच ट्यूब लागतील आणि वेणीच्या आतला निम्मा रंग कोणी बघणार नाही. गोऱ्या केसांवर करतात तशा बारीक रेघाही आपल्याकडे चालत नाहीत. दोऱ्याएवढी बरगंडी काळ्यात हरवते. रंग आणि केस यांच्यातला फरक जेवढा कमी, तेवढा पट्टा रुंद हवा. मी अंगठ्याएवढ्या रुंद बटा घेते, भांगाच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या थरात, जिथे ऊन पडतं. भाचीच्या एकूण १० घेतल्या. वेणी घातली की त्या पिळात लाल-काळ्या दोरीसारख्या फिरतात आणि फुलं माळली तर अजून खुलतात.

रंगवण्याच्या दोन दिवस आधी केस शाम्पूने धुवा आणि मग तेल लावू नका. अंगचं थोडं तेल असलेलं बरं, टाळूला कमी झोंबतं. पण आपल्याकडे चपचपीत तेल लावून वेणी घालायची सवय, त्यावर क्रीम नीट बसत नाही आणि ठिपके ठिपके रंग येतो. आमच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरच्या पाण्याने केस धुऊन धुऊन क्षारांचा थर बसलेला असतो. केस कोरडा, राठ, फेस न होणारा. त्यामुळे हे आधीचं धुणं मी पिण्याच्या जारच्या पाण्याने करायला सांगते.

प्रत्यक्ष दिवस

मे महिन्यात दर्यापुरात दुपारी पारा ४४-४५ वर जातो. एवढ्या उष्णतेत क्रीम झपाट्याने काम करतं आणि त्याहून झपाट्याने वाळतं. वाळलेलं क्रीम काम करत नाही. म्हणून सकाळी साडेसहाला सुरुवात केली, पंखा बंद ठेवून. पंख्याखाली बसून रंग लावणं ही उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी चूक, एका बाजूची बट वाळते आणि फिकी राहते.

कपाळाच्या कडेला, कानांवर व्हॅसलीन. हातमोजे. दोन ट्यूब, म्हणजे १२० ग्रॅम क्रीम आणि १२० मिलिलिटर ३० व्हॉल्यूम डेव्हलपर, पण एकदम कालवलं नाही. एक ट्यूब कालवली, पाच बटा संपवल्या, मग दुसरी. कालवलेलं मिश्रण वाटीत बसून आपली ताकद घालवतं. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते.

बट घ्या, खाली दुधाच्या पिशवीची पट्टी ठेवा. आधी मधला भाग भरा, मुळापासून दोन बोटं सोडून. ३० व्हॉल्यूम टाळूला टेकवायचा नाही, हे एक कारण. दुसरं असं की टाळूच्या उबेने मुळाजवळचा केस लवकर उजळतो. एकदम सगळीकडे लावलं तर मुळं नारिंगी आणि खाली काळं अशी तऱ्हा होते. शेवटच्या १५ मिनिटांत मुळाकडचा भाग भरा, अर्धं बोट सोडून. तेवढा काळा राहिला तरी बरगंडीत तो बोचत नाही, उलट वाढलेले केस दिसत नाहीत. टोकंही शेवटी भरायची, कारण उन्हाने आधीच तपकिरी झालेली टोकं रंग अधाशासारखी पितात आणि बाकी केसांपेक्षा भडक होतात. क्रीम कंजूसपणे चोळू नका. केस क्रीममध्ये बुडलेला दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंनी.

एकूण वेळ पत्रकात असेल तेवढाच. आमच्या ट्यूबवर ३५ ते ४५ मिनिटं होती. पांढरट क्रीम हळूहळू जांभळं-काळं होतं, ते बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. तो क्रीमचा रंग आहे, केसाचा नाही. खरं बघायचं तर अर्ध्या तासाने एका बटेचा बोटभर भाग ओल्या कापसाने पुसून दाराशी न्या. वेळ वाढवून रंग जास्त दिसत नाही, केस तेवढा राठ होतो. थंडीत मात्र, डिसेंबर-जानेवारीत, बटा प्लास्टिकने नीट झाका आणि वेळेच्या वरच्या टोकाला जा.

धुताना आधी थोडं पाणी शिंपडून क्रीम हाताने मोकळं करा, मग कोमट पाण्याने निथळ पाणी येईपर्यंत. भाचीला शेवटची दोन तांबे पाणी जारचं घातलं. पेटीतलं कंडिशनर पाच मिनिटं ठेवलं. पांढरा टॉवेल वापरू नका, हे सांगायला नको, पण तिने वापरला.

पांढरे केस असतील तर

भाचीचं बघून तिच्या आईला, म्हणजे माझ्या नणंदेलाच हौस आली. घरात घेणार नव्हती तीच! कानाजवळ तिचे बरेच केस पांढरे. इथे हिशोब उलटा होतो. पांढऱ्या केसात लपवायला काळं काहीच नसतं, त्यामुळे जी बरगंडी काळ्यावर जेमतेम दिसते ती पांढऱ्यावर गुलाबी-जांभळी भडकते. तिच्यासाठी ४.६२ मध्ये निम्मा ४.० हा साधा तपकिरी मिसळला आणि २० व्हॉल्यूम वापरला. पांढरे केस गर्द वाइन झाले, काळ्यांवर फक्त झाक आली. लग्नात तिचाच रंग जास्त दिसला, भाची रुसली.

मेहंदीचं काय

घरच्या मेहंदीने बरगंडी किंवा कॉपर होतं का, हा रोजचा प्रश्न. मेहंदीतला लॉसोन केसाच्या प्रथिनाला चिकटतो, पण केस उजळवत नाही. त्यामुळे काळ्यावर उन्हात लालसर-तांबूस झाक, आणि घरात काही नाही. पांढऱ्यावर मात्र खणखणीत नारिंगी. एक चूक आपल्याकडे घरोघरी होते. मेहंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची. लोखंड आणि चहाचा तुरटपणा मिळून रंग काळपट होतो. पांढरे केस झाकायचे असतील तर ते ठीक, पण तांब्याची झाक हवी असेल तर कढई आणि चहा दोन्ही बाजूला ठेवा, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात साध्या पाण्यात आणि लिंबाच्या रसात भिजवा, तीन-चार तास केसांवर ठेवा. बीटचा रस घालून बरगंडी होत नाही, दोन धुण्यांत जातो.

एका संध्याकाळपुरताच रंग हवा असेल तर रंगीत हेअर वॅक्स बघा. तो केसाच्या वर बसतो, म्हणून काळ्यावरही कॉपर दिसतो, आणि धुतला की जातो. घामाने मात्र मानेवर उतरतो.

रंग किती टिकतो

लाल रंग सगळ्यात लवकर उतरतो. पहिले तीन दिवस शाम्पू नको. पहिल्या दोन-तीन धुण्यांत पाणी लाल येणारच. मे महिन्यात घामाबरोबरही थोडा उतरतो. वरातीत भाचीच्या पांढऱ्या ओढणीच्या काठावर गुलाबी रेघ आली ती त्यानेच. म्हणून पहिल्या आठवड्यात फिकं कापड मानेजवळ नको आणि उशीला जुना अभ्रा घाला. आठवड्यातून दोनदाच धुवा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने, गार पाण्याने. फेस करण्यासाठी बोअरच्या खाऱ्या पाण्यात जास्त जास्त शाम्पू ओतला जातो, आणि तोच रंग घेऊन जातो. पूर्ण अंघोळ जारच्या पाण्याने परवडत नाही, हे मला कळतं. निदान केसांचं शेवटचं पाणी तरी तेवढं वापरा. पावसाळ्यात छपराचं पाणी, पहिला पाऊस सोडून, त्याहून चांगलं.

तेल लावलं की रंग गेला असं वाटतं. गेलेला नसतो. तेलाने केस ओल्यासारखा गडद दिसतो आणि ही मवाळ बरगंडी त्यात बुडते. लग्नाच्या दिवशी तेल लावायचं नाही, एवढं भाचीला दहादा सांगितलं होतं. आईने सकाळी खोबरेल चोपडलंच.

पोळ्याला ती परत आली तेव्हा जांभळट छटा उडालेली होती. रंगवलेल्या बटा परत काळ्या झाल्या नव्हत्या, विटकरी-तांबूस झाल्या होत्या, कारण केसातलं जे काळं आम्ही काढलं ते परत येत नाही. जो कॉपर ट्यूबने दिला नाही तो तीन महिन्यांच्या धुण्याने थोडाफार आणला. तिला तोच आवडला! आवडला नसता तर पूर्ण प्रक्रिया पुन्हा केली नसती. उजळलेल्या लांबीवर पुन्हा ३० व्हॉल्यूम नको. तिथे नुसता लाल रंगाचा कंडिशनर-मास्क १० ते २० मिनिटं ठेवला तरी पुरतो, कारण आता खाली काळं कमी आहे आणि न उजळवणारा रंगही दिसतो. ३० व्हॉल्यूम फक्त नव्याने वाढलेल्या तीन सेंटिमीटरवर, टाळू सोडून, आणि त्याआधी कानामागे पुन्हा एकदा ४८ तासांचा ठिपका.